चालू खात्यातील चुकीची नोंद आणि बँकेला लिहायचे पत्र

बँकेने चुकीने रक्कम वजा केली तर काय करायचे, याचे आपल्याकडचे उत्तर ठरलेले आहे. शाखाधिकारी साहेबांना अर्ज द्यायचा. त्याचा नमुना शाळेतल्या पत्रलेखनापासून आपल्या हाताला बसलेला असतो: ‘माझ्या खात्यातून अमुक रक्कम चुकून वजा झाली आहे, तरी ती परत मिळावी ही नम्र विनंती.’ अलीकडे या उत्तराला दुसरे एक उत्तर मिळाले आहे. अर्जबिर्ज काही लागत नाही, ग्राहक सेवेला फोन करायचा आणि तक्रार क्रमांक घ्यायचा. वरवर पाहता ही दोन उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध आहेत, पण दोन्हींच्या मुळाशी समज एकच आहे. चूक बँकेला सांगितली की काम झाले, पुढचे बँक पाहील. पत्र काय किंवा फोन काय, ती केवळ सांगण्याची साधने आहेत.

हा समज उथळ आहे, आणि चालू खात्याच्या बाबतीत तो महागात पडतो. असे पत्र म्हणजे धनकोने ऋणकोच्या वहीतील एका नोंदीवर घेतलेली हरकत असते. त्यात मुख्यतः मागायची असते ती नोंदीची दुरुस्ती, आणि तीही मूळ तारखेपासून. पैसे त्या दुरुस्तीमागून आपोआप येतात. नुसते पैसे मागितले तर कदाचित पैसे येतात, पण त्या चुकीच्या नोंदीने मागे जे काही घडवून ठेवले ते तसेच राहते. हे म्हणणे आता टप्प्याटप्प्याने मांडतो.

1. खात्यातले पैसे कोणाचे?

खात्यातले पैसे ‘आपले’ असून बँक ते सांभाळते, असे आपण समजतो. कायदा तसे मानत नाही. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1848 साली ‘फोली विरुद्ध हिल’ या खटल्यात नाते स्पष्ट केले: ठेवलेला पैसा बँकेचा होतो आणि बँक ग्राहकाची देणेकरी बनते. भारतातील बँकिंगचा कायदाही याच पायावर उभा आहे. याचा अर्थ असा की आपली शिल्लक म्हणजे तिजोरीत ठेवलेल्या नोटा नव्हेत, तर बँकेच्या वहीत आपल्या नावाने लिहिलेला एक आकडा असतो. त्या आकड्याइतके बँक आपले देणे लागते.

मग चुकीने रक्कम नावे टाकणे म्हणजे काय? बँकेने आपले देणे आपल्याच वहीत, आपल्याच हाताने कमी करून घेतले. ऋणकोने वहीत काही लिहिले म्हणून त्याचे देणे कमी होत नाही. ते कमी व्हायला धनकोची आज्ञा लागते: चेकवरची सही, पेमेंटची सूचना, कर्जाच्या हप्त्याचा आदेश, किंवा खाते उघडताना मान्य केलेले शुल्क. यांपैकी काहीही नसेल तर देणे जसेच्या तसे असते. चुकलेला असतो तो फक्त आकडा. म्हणून ‘रक्कम परत मिळावी’ असे म्हणणे, म्हणजे रक्कम गेली आहे असे आधी कबूल करणे. व्यवहारात ही कबुली निरुपद्रवी वाटते. ती तशी का नाही, हे तारखेच्या प्रश्नावर येताच दिसते.

2. परतावा आणि दुरुस्ती यांतला फरक

बँकेच्या प्रत्येक नोंदीला दोन तारखा असतात. एक, नोंद प्रत्यक्ष कधी केली ती. दुसरी, ती कधीपासून लागू धरायची ती. तिला बँकेत व्हॅल्यू डेट म्हणतात. बहुतेक वेळा दोन्ही एकच असल्याने ग्राहकाचे तिकडे लक्ष जात नाही. चूक सुधारताना मात्र त्या वेगळ्या असाव्या लागतात. 28 तारखेला केलेली सुधारणेची नोंद 8 तारखेच्या व्हॅल्यू डेटने टाकली, तर मधले वीस दिवस ती रक्कम खात्यात होतीच असे संगणक मानतो. 28 च्याच व्हॅल्यू डेटने टाकली, तर वीस दिवस ती नव्हती असे मानतो.

बचत खात्यात या फरकाची किंमत थोड्याशा व्याजाइतकी असते. चालू खात्यावर व्याज मिळतच नाही, म्हणून तिथे हा फरक शून्य असेल असे कोणी म्हणेल. उलट तिथेच तो मोठा असतो, कारण चालू खाते ही धंद्याची वाट आहे. शिल्लक खोटी पडली की पुढचा चेक परत जातो, त्याचे शुल्क लागते, त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी लागतो, महिन्याची सरासरी शिल्लक घसरते आणि तिचा वेगळा दंड बसतो. ओव्हरड्राफ्टची सोय असेल तर न उचललेल्या पैशांवर व्याज चढते. मूळ नोंद एकच चुकलेली असते. तिच्यामागून आलेल्या नोंदी नियमाप्रमाणे बरोबर असतात. संगणकाच्या लेखी कमी शिल्लक ही कमी शिल्लकच. म्हणून मूळ रक्कम जमा झाली तरी या मागच्या नोंदी कोणी आपणहून काढत नाही. त्या काढायला सांगावे लागते, आणि सांगण्याचा आधार एकच असतो: मूळ नोंद त्या तारखेपासूनच रद्द धरा.

हा आधार ग्राहकाने हट्टाने शोधून काढलेला नाही. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबाबत हेच तत्त्व घातले. ग्राहकाने कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत वादग्रस्त रक्कम खात्यावर तात्पुरती जमा करायची, आणि ती जमा मूळ व्यवहाराच्या तारखेची व्हॅल्यू डेट धरून करायची. अनोळखी भामट्याने पैसे काढले तेव्हा जर मूळ तारीख धरायची, तर बँकेच्या स्वतःच्या हातून चूक झाली तेव्हा ती का धरू नये, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही.

3. सत्तावीस हजारांचे एक उदाहरण

तत्त्व कागदावर किती खरे ठरते हे पाहायला एक कल्पित हिशेब मांडू. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत सुटे भाग बनवणारा एक लहान कारखानदार आहे असे समजा. 8 सप्टेंबरला सकाळी त्याच्या चालू खात्यात 52,300 रुपये आहेत. त्याने दिलेला 14,850 रुपयांचा एक चेक त्या दिवशी वटण्यासाठी आला, आणि खात्यातून 41,850 रुपये गेले. शिल्लक 10,450 राहिली. दुसऱ्या दिवशी कच्चा माल देणाऱ्या व्यापाऱ्याला दिलेला 31,200 चा चेक आला. तो ‘अपुरी शिल्लक’ या कारणाने परत गेला. परतीचे शुल्क 500 आणि त्यावरचा जीएसटी 90 असे 590 रुपये वजा झाले. उरले 9,860.

चूक कुठे झाली असेल? आज चेक कागदाच्या रूपाने बँकाबँकांत फिरत नाही. ज्या बँकेत तो भरला ती त्याची प्रतिमा काढते, रक्कम टिपते, आणि प्रतिमा व आकडा असे दोन्ही पुढे पाठवते. पैसे वजा होतात ते टिपलेल्या आकड्याने. त्याचा प्रतिमेशी मेळ घालणे हे पैसे देणाऱ्या बँकेचे काम असते. तिथे नजर चुकली की चेकवर एक आणि खात्यात दुसरेच. आकड्यांची अदलाबदल झाली आहे का, हे ओळखायची हिशेबनिसांची एक जुनी खूण आहे: लागून असलेल्या दोन अंकांची जागा बदलली तर फरकाला नेहमी नऊने भाग जातो. इथे फरक 27,000, नऊने भागून 3,000. ही खूण म्हणजे पुरावा नव्हे, कारण इतर कारणांनीही असा फरक पडू शकतो. पण कुठे पाहायचे ते ती सांगते, आणि पत्रात लिहिली तर शाखेतल्या माणसाचा शोध सोपा होतो. मोठ्या चेकसाठी आता आणखी एक चाळणी आहे. 1 जानेवारी 2021 पासून पॉझिटिव्ह पे या पद्धतीत ग्राहक चेकचा तपशील बँकेला आगाऊ कळवू शकतो, आणि चेक आल्यावर तो ताडून पाहिला जातो. पण ही सोय 50,000 आणि त्यावरच्या चेकसाठी ठेवलेली आहे. आपल्या उदाहरणातला चेक तिच्या खालून निसटतो. लहान धंद्याचे बरेच चेक असेच निसटतात.

आता दोन प्रकारच्या मागण्यांचा परिणाम पाहू. कारखानदाराने ‘27,000 परत मिळावेत’ असा अर्ज दिला आणि 28 सप्टेंबरला ते जमा झाले. बँकेच्या दृष्टीने प्रकरण मिटले. त्याच्या दृष्टीने 590 रुपये गेलेच. तीस दिवसांच्या महिन्यात वीस दिवस 27,000 कमी दिसल्याने सरासरी शिल्लक 18,000 ने खाली आली. खात्याच्या अटीनुसार दंड बसायचा असेल तर तोही बसला. आणि व्यापाऱ्याच्या दप्तरी ‘अपुरी शिल्लक’ हा शेरा कायम राहिला. नोंदीची दुरुस्ती मागितली असती, तर खाते जिथे असायला हवे होते तिथे आले असते: 9,860 अधिक 27,000 अधिक 590, म्हणजे 37,450. चेक बरोबर रकमेने वटला असता तर 52,300 वजा 14,850 इतकीच शिल्लक 8 तारखेला असती. दोन्ही बाजूंनी हिशेब एकाच आकड्यावर येतो, आणि तो आकडा पत्रात आला पाहिजे. बँकेने काय करायचे याचे त्याहून स्पष्ट वर्णन नाही.

शेऱ्याचा मुद्दा पैशांहून नाजूक आहे. परक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या कलम 138 प्रमाणे चेक परत आल्याचे कळल्यापासून तीस दिवसांत व्यापारी नोटीस देऊ शकतो, आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे द्यावे लागतात. ‘बँकेची चूक आहे, दुरुस्ती होऊ द्या’ असे म्हणत या मुदतीत बसून राहणे मूर्खपणाचे ठरेल. व्यापाऱ्याचे पैसे दुसऱ्या मार्गाने लगेच द्यावेत. पण त्याचबरोबर चेक बँकेच्या चुकीने परत गेला असे लेखी पत्र बँकेकडून मागावे. त्याच कायद्याचे कलम 31 सांगते की पुरेशी शिल्लक असताना चेक न वटवणाऱ्या बँकेने चेक काढणाऱ्याला झालेले नुकसान भरून द्यायचे आहे. बँक त्यावर म्हणेल, आमच्या वहीत शिल्लक पुरेशी नव्हती. म्हणूनच नोंद मूळ तारखेपासून दुरुस्त होणे महत्त्वाचे. ती दुरुस्त झाली की 9 सप्टेंबरला शिल्लक पुरेशी होती हे बँकेच्याच वहीतून सिद्ध होते.

4. पत्र

असे पत्र लांब असायचे कारण नाही. वरच्या उदाहरणाचे पत्र साधारण असे होईल:

‘प्रति, शाखाधिकारी. विषय: चालू खाते क्रमांक अमुक, 8 सप्टेंबरची नोंद मूळ तारखेपासून दुरुस्त करण्याबाबत.

आमच्या वरील खात्यावर 8 सप्टेंबर रोजी चेक क्रमांक अमुकपोटी 41,850 रुपये नावे टाकले आहेत. हा चेक आम्ही 14,850 रुपयांचा (अक्षरी चौदा हजार आठशे पन्नास) दिला होता. 27,000 रुपयांच्या जादा रकमेस आमची आज्ञा नव्हती. आकड्यातील पहिल्या दोन अंकांची अदलाबदल झाल्याचे दिसते. कृपया चेकची प्रतिमा ताडून पाहावी व तिची प्रत आम्हांस द्यावी.

या नोंदीमुळे 9 सप्टेंबर रोजी आमचा 31,200 रुपयांचा चेक परत गेला व 590 रुपये शुल्क आकारले गेले.

तरी (1) 27,000 रुपये 8 सप्टेंबरच्या व्हॅल्यू डेटने जमा करावेत, (2) 590 रुपयांची नोंद रद्द करावी, (3) सरासरी शिल्लक दुरुस्त नोंदीनुसार काढावी, (4) चेक बँकेकडील नोंदीच्या चुकीमुळे परत गेला असे पत्र द्यावे. या दुरुस्त्यांनंतर, इतर व्यवहार वगळता, शिल्लक 37,450 रुपये यायला हवी. सोबत खातेउतारा, चेकबुकातील नोंदपान व आमच्या बँक वहीचा उतारा जोडला आहे.’

यात विनवणी नाही आणि राग तर नाहीच. ‘मनस्ताप’, ‘बेजबाबदार कारभार’, ‘फसवणूक’ हे शब्द मुद्दाम टाळले आहेत. फसवणूक म्हटले की प्रकरण दुसऱ्या विभागाकडे, दुसऱ्या चौकशीकडे जाते आणि साधी दुरुस्ती लांबते. रक्कम अक्षरी लिहिण्यालाही कारण आहे: चेकवर अक्षरी आणि अंकी रक्कम वेगळी असेल तर कलम 18 नुसार अक्षरी रक्कम खरी मानली जाते. जोडलेल्या कागदांत आपल्या वहीचा उतारा असणे फार उपयोगाचे. खातेउतारा ही शेवटी बँकेच्याच वहीची प्रत आहे. ती जोडून आपण फक्त बँकेने काय लिहिले ते बँकेलाच दाखवतो. त्याच दिवशी, वाद उपस्थित होण्याआधी, आपल्या वहीत आणि चेकबुकाच्या नोंदपानावर 14,850 लिहिले गेले होते हे दिसले, तर दोन वह्या समोरासमोर येतात. पत्रावर खाते चालवण्याचा अधिकार असलेल्यांचीच सही असावी. भागीदारी संस्थेत दोघांच्या सहीने खाते चालत असेल तर पत्रावरही दोघांची हवी. एवढ्या कारणावरून पत्र आठवडाभर पडून राहू शकते.

5. आक्षेप पहिला: पैसे दुसऱ्या बँकेकडे गेले आहेत

या प्रकरणात शाखेकडून येण्याची शक्यता असलेले उत्तर हे: ‘जादा रक्कम समोरच्या खातेदाराकडे गेली. त्या बँकेला कळवले आहे. तिकडून आली की तुमच्या खात्यात जमा करू.’ हे उत्तर इतके समंजस वाटते की ग्राहक थांबतो. पण ते देणेकऱ्याने धनकोला दिलेले उत्तर आहे हे ध्यानात घेतले की त्यातली गफलत दिसते. आपण बँकेला 14,850 देण्याची आज्ञा केली. तिने 41,850 दिले. वरचे 27,000 तिने आपल्या आज्ञेवाचून, म्हणजे स्वतःच्या पैशांतून दिले. ते परत मिळवण्याचा हक्क तिला आहेच. भारतीय करार कायद्याचे कलम 72 चुकीने मिळालेले पैसे परत करायला लावते, आणि आकडा चुकीचा टिपणाऱ्या बँकेकडेही ती जाऊ शकते. पण ती वसुली तिची आहे. ती यशस्वी होते की नाही, दहा दिवस लागतात की दहा महिने, याचा आपल्या खात्याशी संबंध नाही.

इथे न्यायाने एक मान्य करायला हवे. समोरचा खातेदार आपलाच व्यापारी असेल आणि पुढच्या बिलातून 27,000 वळते करून घेऊ असे त्याच्याशी ठरले, तर ती सोय वाईट नाही. मात्र मग बँकेकडे पूर्ण रक्कम मागता येणार नाही. एकच नुकसान दोनदा भरून निघत नाही. आणि परत गेलेला चेक, शुल्क, शेरा यांचा प्रश्न तरीही उरतोच.

6. आक्षेप दुसरा: तुम्ही वेळेत का पाहिले नाही?

खातेउताऱ्याच्या तळाशी अनेकदा एक ओळ असते: चूक आढळल्यास अमुक दिवसांत कळवावे, अन्यथा नोंदी बरोबर समजल्या जातील. त्या ओळीचा धसका घेऊन जुनी चूक सापडली तरी लोक पत्र लिहीत नाहीत. या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा 1987 चा ‘कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन’ हा निकाल मुळातून समजून घेण्यासारखा आहे, आणि प्रकरण चालू खात्याचेच होते. कंपनीतल्याच हिशेब सांभाळणाऱ्याने खोट्या सह्या करून वर्षानुवर्षे 42 चेक वटवले; रक्कम सव्वातीन लाखांच्या वर गेली. बँकेचे म्हणणे होते की उतारे नियमित जात होते, कंपनीने ते तपासले नाहीत, तेव्हा तोटा तिने सोसावा. न्यायालयाने ते मानले नाही. खोट्या सहीचा चेक ही ग्राहकाची आज्ञाच नव्हे. उतारा पाहिला नाही एवढ्या निष्काळजीपणाने बँक सुटत नाही. ग्राहकाने जाणूनबुजून ती नोंद स्वीकारली, असे काही बँकेला दाखवावे लागेल.

हा निकाल पहिल्या टप्प्यातल्या तत्त्वाचाच विस्तार आहे: आज्ञा नाही, तर देणे कमी नाही. पण त्याच्या भरवशावर ढिलाई करणारा फसेल, कारण 2017 च्या परिपत्रकाने इलेक्ट्रॉनिक व्यवहारांसाठी वेगळे घड्याळ लावले आहे. तिथे चूक बँकेची नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, तर कामकाजाच्या तीन दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर कोणताही बोजा येत नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या चालू खात्याला जास्तीत जास्त 10,000 आणि बहुतेक इतर मोठ्या चालू खात्यांना 25,000 रुपयांपर्यंतचा तोटा सोसावा लागू शकतो. त्यानंतर बँकेचे धोरण ठरवील तसे. बँकेची स्वतःचीच चूक असेल तर मात्र तेथेही ग्राहकावर बोजा नाही, मग त्याने कळवले असो वा नसो. आणि ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचे ओझे बँकेवर आहे. तेव्हा चेक असो की ऑनलाइन व्यवहार, पत्रात पहिल्यांदा ठरवायचे ते हे की आपली नोंद कोणत्या जातीची आहे. कर्जाच्या किंवा विम्याच्या हप्त्याचा आदेश बँकेकडे रद्द करूनही हप्ता गेला, तर सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे बँकेने दुसऱ्याच दिवशी तो परत करायचा आणि उशिराच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये द्यायचे असतात. हे माहीत नसलेला ग्राहक हप्ता मागतो आणि दिवसांचे पैसे सोडून देतो.

7. आक्षेप तिसरा: असे लिहिले तर संबंध बिघडतील

हा आक्षेप उघडपणे कोणी लिहीत नाही, पण लहान उद्योजकाच्या मनात तोच सर्वांत जड असतो. उद्या कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घ्यायची आहे, त्याच साहेबांकडे जायचे आहे, तेव्हा अर्ज नरम असलेला बरा. यामागचे व्यवहारज्ञान मी नाकारत नाही. पण शाखेच्या बाजूने पाहिले तर नरम अर्ज शाखाधिकाऱ्याला काहीच मदत करत नाही. त्याला एखादी रक्कम ग्राहकाला जमा करायची तर ती दुसऱ्या कुठल्यातरी खात्याला नावे टाकावी लागते, समोरच्या बँकेकडून येणे म्हणून किंवा शाखेच्या तात्पुरत्या येणे खात्यात. मागची व्हॅल्यू डेट द्यायची तर वरची परवानगी लागू शकते. पुढे शाखेचे हिशेब तपासणारा विचारणार: कशाच्या आधारावर? ‘ग्राहकाने नम्र विनंती केली’ हा आधार नव्हे. चेक क्रमांक, दोन आकडे, प्रतिमेचा हवाला आणि नेमकी मागणी असलेले पत्र हा आधार आहे. फोनवरची तक्रार इथेच कमी पडते. ती आपण निवडलेल्या एखाद्या ठरीव प्रकारात नोंदली जाते, आणि 27,000 जमा झाले की ‘निराकरण झाले’ म्हणून बंद होते. शुल्क, शिल्लक आणि शेरा हे तिच्या चौकटीत नव्हतेच. (ईमेलने हेच सगळे लिहिले तर ते पत्रच झाले, कागदाचा आग्रह नाही, मजकुराचा आहे.)

8. पत्र कुठे चालत नाही

सगळीच न पटलेली वजावट चुकीची नसते. खाते उघडताना मान्य केलेल्या दरपत्रकातले शुल्क, थकलेल्या करासाठी प्राप्तिकर खात्याच्या नोटिशीवरून बँकेने भरलेली रक्कम, न्यायालयाच्या जप्तीचा आदेश, यांना ‘आज्ञा नव्हती’ हा मुद्दा लागत नाही. आज्ञा दुसऱ्या अधिकारातून आलेली असते आणि दाद तिथेच मागावी लागते. स्वतःच ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा. आणि तत्त्व दोन्ही बाजूंना लागते. बँकेने चुकीने आपल्या खात्यात 27,000 जास्त जमा केले, तर तेच कलम 72 आपल्याला ते परत करायला लावते. त्या वेळी ‘माझ्या खात्यात आले म्हणजे माझे’ म्हणणारा माणूस पुढच्या वेळी नोंदीच्या शुद्धतेवर बोलू शकत नाही.

9. आवक शिक्क्याची तारीख

एवढे करूनही बँकेने मानले नाही तर? इथे पत्राचे दुसरे काम सुरू होते. रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेनुसार आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. बँकेने ती फेटाळली, समाधानकारक उत्तर दिले नाही, किंवा तीस दिवसांत उत्तरच दिले नाही, तरच लोकपालाकडे जाता येते. तिथे वकील लागत नाही, शुल्क नाही. पण लोकपालापुढे जाते ते प्रकरण पत्रात मांडलेलेच असते. आपण बँकेकडे 590 रुपये आणि व्हॅल्यू डेट मागितलीच नव्हती, तर ती बँकेने नाकारली असे तिथे म्हणता येत नाही.

दिवाणी दाव्याच्या मुदतीलाही पत्राची तारीख लागते. मुदत कायद्याच्या अनुच्छेद 22 मध्ये ग्राहकाच्या बँकेतील, मागताक्षणी देय असलेल्या पैशांसाठी तीन वर्षांची मुदत आहे, आणि ती मोजायची ती मागणी केल्याच्या दिवसापासून. मागणी कधी झाली हे ठरवणारा कागद म्हणजे हेच पत्र. म्हणून पत्र दोन प्रतींत न्यावे, आपल्या प्रतीवर शाखेचा आवक शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तेच पत्र पोस्टाने पाठवून पोचपावती जपावी आणि ईमेलही करावा. वरच्या उदाहरणातल्या कारखानदाराने 10 सप्टेंबरला शिक्का घेतला असेल, तर 10 ऑक्टोबर उलटूनही बँक गप्प राहिल्यास त्याला लोकपालाकडे जाता येईल. 10 सप्टेंबरला त्याने फक्त साहेबांच्या कानावर घातले असेल, तर त्याचे तीस दिवस अजून सुरूच झालेले नाहीत.